आईच्या नावची नोटीस

पोस्टमनने बेल वाजवली तेव्हा हेमलताबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. "आंटीजी, रजिस्ट्री है, आप ही के नाम," म्हणत त्याने जाड पाकीट पुढे केलं. पत्र आलं की एरवी ते लेकीच्या, देवयानीच्या नावचं असे, किंवा वारून सहा वर्षं झाली तरी नवऱ्याच्या, विठ्ठलरावांच्या नावचं. आपल्या नावचं पत्र हेमलताबाईंनी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसून सही केली.

नोटीस इंग्रजीत होती. हेमलताबाई सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या. सवय मोडली होती, पण अक्षर लावत लावत वाचायला काही अडत नव्हतं. पहिल्या दोन ओळींतच त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. नोटीस फरिदाबाद कोर्टातल्या सलोनी नावाच्या वकीलबाईंची होती, आणि ती पाठवली होती त्यांच्या अशिलाच्या, कुमारी देवयानी विठ्ठल शिराळकर यांच्या वतीने. पाठवणारी आणि घेणारी, दोघींचा पत्ता एकच. हे घर.

देवयानीने वडिलांच्या मागे घराच्या कर्जाचे सगळे हप्ते भरले, दरवर्षीचा हाऊस टॅक्स भरला, दुरुस्त्या केल्या. तो खर्च चार वारसांचा आहे, म्हणून प्रत्येकाने आपला चौथा हिस्सा तिला परत द्यावा, न दिल्यास वाटपाचा आणि वसुलीचा दावा लावला जाईल. खाली तीन नावं. थोरला अंशुमन. धाकटा चिन्मय. आणि सगळ्यांत वर, पहिलं नाव, श्रीमती हेमलता विठ्ठल शिराळकर.

"पोटची पोर," हेमलताबाई रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या. "पोटच्या पोरीने आईला नोटीस धाडली!"

त्या दिवशी गवारीची भाजी झालीच नाही.

घराची हकीगत अशी. विठ्ठलराव भूजल खात्यात होते. नोकरीने त्यांना शिराळ्याहून उचलून फरिदाबादला आणून टाकलं ते कायमचंच. सेक्टरात प्लॉट लागला, त्यावर पोटाला चिमटा घेऊन खालचा मजला बांधला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात वरचा मजला शिरला. "मुलं आली की उतरायला जागा नको?" म्हणत त्यांनी घर बँकेकडे गहाण ठेवलं आणि दहा वर्षांचं कर्ज काढलं. मजला उभा राहिला, आणि चार वर्षांनी विठ्ठलराव गेले. मृत्युपत्र नाही, कर्जाचा विमा नाही. पेन्शनही निम्म्यावर आली. बँकेचा माणूस घरी येऊन गोड बोलून गेला, पण बोलण्याचा अर्थ कडूच होता. हप्ते थांबले तर घर जाईल.

तेराव्याला तिन्ही भावंडं खालच्या खोलीत बसली होती. अंशुमन थोरला, महाराष्ट्र सरकारात पुण्याला अधिकारी. तो म्हणाला, "सध्या देवयानी भरू दे. ती इथे आहे ना. आपण नंतर बघू." धाकटा चिन्मय बंगळूरला कसलीशी कंपनी काढत होता, त्याने नुसती मान हलवली. देवयानी दिल्लीला एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. लग्न तिने केलं नव्हतं, आणि त्याचं कारण कुणी विचारायच्या भानगडीत आता पडत नव्हतं. ती रोज मेट्रोने दिल्लीला जायची आणि यायची. दर महिन्याला तिच्या पगारातून हप्ता कापला जायचा. "नंतर" कधी आलंच नाही.

ते आलं यंदा, कर्ज फिटल्यावर. बँकेने घराचे मूळ कागद परत दिले, देवयानीने ही बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, आणि आठवड्याच्या आत दोन्ही भावांचे फोन. बिल्डर तयार आहे! घर पाडून चार मजले काढतो, रोख देतो, चौघांत सरळ चार भाग. देवयानी एवढंच म्हणाली, "आधी माझे पैसे चुकते करा, मग चार भाग." तिथून जी धुसफूस सुरू झाली, तिचा शेवट या पाकिटात झाला होता.

देवयानी संध्याकाळी घरी आली ती हेमलताबाईंचं तोंड बघूनच समजली. तिने पर्स खाली ठेवली, चपलाही न काढता खुर्चीच्या कडेवर टेकली.

"नोटीस आली वाटतं."

"आली. तुझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही सकाळी? डबा घेऊन गेलीस. माझ्या हातचा डबा!"

"मला जमलं नाही सांगायला, आई. तीन दिवस सांगेन सांगेन म्हणत होते."

"त्यांना द्यायची होतीस नोटीस. दे की, खुशाल दे. माझा काय संबंध?"

"सलोनी मॅडम म्हणाल्या, आईला सोडून दावा उभाच राहत नाही. घराचे मालक चार. चौघांना बोलावल्याशिवाय कोर्ट वाटपाला हातच लावत नाही."

"मालक कोण चार?"

"तू, दादा, मी, चिन्मय. चौघांना सारखं."

हेमलताबाईंनी चारही नावं बोटांवर मोजली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. विठ्ठलरावांच्या मागे कुठल्या कुठल्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या होत्या. पण त्यांच्या मनाने धरलेला हिशेब वेगळाच होता. घर यांचं होतं, आता मुलांचं आहे, आणि आपण त्यात राहतो. देवघर जसं घरात असतं, तशा आपण घरात आहोत. देवघराला कुणी हिस्सा विचारतं का?

"म्हणजे उद्या हे घर विकायचं म्हटलं," त्यांनी सावकाश विचारलं, "तर माझ्या सहीवाचून विकता येणार नाही?"

"बिल्कुल नाही."

"मग बिल्डरचा माणूस आला होता तेव्हा अंशुमन मला फोनवरून चहा टाकायला का सांगत होता?"

देवयानीला हसू आलं, पण आईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून तिने ते आवरलं. "तुझ्याकडून मला एक रुपया नकोय," ती म्हणाली. "तुझं नाव नुसतं कायद्यापुरतं आहे. तुझ्या वाट्याचे पैसे मी सोडून देणार आहे."

खरं तर हे ऐकून आईला हायसं वाटायला हवं होतं. पण का कोण जाणे, नोटिशीने लागलं नव्हतं तेवढं हेमलताबाईंना हे वाक्य लागलं. दोन दिवस त्या लेकीशी कामापुरतं बोलल्या, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी ती नोटीस चार वेळा वाचली. मुलींच्या लग्नपत्रिका जपाव्यात तशी घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवली.

पुढच्या आठवड्यात अंशुमन दिल्लीला सरकारी कामाने आला. उतरला कस्तुरबा गांधी मार्गावर, राज्य सरकारच्या अतिथीगृहात. आईला त्याने तिथेच बोलावून घेतलं. गाडी पाठवली. चिन्मयही बंगळूरहून येऊन हजर होता. ही बैठक आहे हे हेमलताबाईंना गाडीत बसतानाच कळलं.

भोजनगृहात थालीपीठ आलं, लोण्याचा गोळा आला. आजूबाजूच्या टेबलांवर गावाकडून कामं घेऊन आलेली मंडळी मोठमोठ्याने मराठीत बोलत होती. एका कोपऱ्यात परीक्षांची तयारी करणारी पोरं एका ताटात चौघं जेवत होती. हेमलताबाईंना बरं वाटलं. थालीपीठ अर्धं संपल्यावर अंशुमनने बॅगेतून कागद काढला.

"आई, यावर तुझी एक सही लागेल. प्रतिज्ञापत्र आहे. तुला कोर्टात यायची गरज पडू नये म्हणून."

"काय लिहिलंय?"

"साधंच. की बाबा गेल्यावर देवयानीने घराचा खर्च आपल्या खुशीने, तुझ्यावरच्या मायेने केला. परत मागायचं काही ठरलं नव्हतं. त्याबदल्यात ती घरात बिनभाड्याने राहिली. बस."

"आणि वरच्या मजल्याचं भाडं तिने घेतलं," चिन्मयने घाईने जोडलं. "तेही आहे खालच्या परिच्छेदात. आमचे वकील म्हणाले, ते वजा व्हायलाच हवं."

हेमलताबाईंनी घास खाली ठेवला आणि धाकट्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावर वीस महिने एक भाडेकरू जोडपं राहिलं होतं. भाडं पंधरा हजार, आणि ते देवयानीने कधी हातात धरलं नाही. "तुझ्याकडे राहू दे, आई, तुला खर्चाला," म्हणाली होती. आणि हेमलताबाईंनी ते दर महिन्याला, जसंच्या तसं, चिन्मयच्या खात्यात पाठवलं होतं. त्याची कंपनी तेव्हा बुडत होती. फोनवर तो रडला होता. हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. आता तोच चिन्मय समोर बसून थालीपिठाला लोणी लावत होता आणि आईकडे बघायचं टाळत होता.

"भाडं देवयानीने घेतलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे… घरात आलं ना," चिन्मय पुटपुटला.

"आई, तू फार खोलात जाऊ नकोस," अंशुमन म्हणाला. "तुझं वय झालंय. तुला या वयात तिने नोटीस पाठवावी, याचीच मला लाज वाटते. आमच्यापैकी कुणी पाठवली असती का?"

"नसती पाठवली," हेमलताबाई म्हणाल्या. "तुम्हाला मी त्या घरात दिसतच नाही, तर नोटीस कुणाच्या नावाने पाठवाल?"

अंशुमनच्या कपाळावर आठी पडली. त्याने पेन पुढे सरकवलं.

"सही कर आई. तुझ्याच भल्याचं आहे."

"माझं भलं मला वाचता येतं. बी.ए. आहे मी." त्यांनी कागद उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि पेनासकट परत त्याच्या बाजूला ठेवला. "यात खुशी लिहिलंय. तेराव्याला तू काय म्हणालास? 'सध्या देवयानी भरू दे, आपण नंतर बघू.' मी तिथेच बसले होते. खुशी-बिशी काही नव्हतं. नंतर होतं. ते नंतर आता आलंय. मी खोट्यावर सही करणार नाही."

"मग तू तिच्या बाजूने आहेस."

"मी चौथ्या हिश्श्याच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका चढला की कोपऱ्यातली पोरं माना वळवून बघायला लागली. "माझ्या! आता ते थालीपीठ गार होतंय, खा."

भावांनी नोटिशीला उत्तर धाडलं ते अर्थातच नकाराचं. दावा लागला. कोर्टाच्या समन्सवर हेमलताबाईंचं नाव पुन्हा आलं, प्रतिवादी क्रमांक एक. न्यायाधीशांनी पहिल्या दोन तारखांतच ओळखलं की ही घरची भांडणं आहेत, आणि प्रकरण कोर्टाच्याच मध्यस्थी केंद्रात पाठवून दिलं.

तिथे जायच्या आदल्या रविवारी सलोनी मॅडम घरी आल्या. पस्तिशीची, भरभर बोलणारी बाई. तिने देवयानीच्या खर्चातून बिनदिक्कत एकेक बाब कापायला सुरुवात केली. "छत टपक रही थी, उसकी मरम्मत ठीक है। सीवर की लाइन बैठ गई थी, वो भी ठीक। पर ये मॉड्यूलर किचन? ये आपका शौक है, मैडम। घर गिर नहीं रहा था इसके बिना। ये मैं नहीं माँगूँगी।" देवयानी कुरकुरली, पण कापू दिलं.

"और पुरानी किस्तें?" हेमलताबाईंनी विचारलं. त्या मधेच बोलल्या याचं दोघींना आश्चर्य वाटलं.

सलोनी मॅडमनी स्पष्टच सांगितलं. नुसत्या वसुलीचा दावा असता तर तीन वर्षांपेक्षा जुन्या पैशांवर समोरचा वकील मुदतीचा आक्षेप घेणारच, आणि तो बहुतेक लागूही पडेल. इथे वाटप मागितलंय. वाटप करताना कोर्ट सगळ्यांचा हिशेब एकत्र बसवून समतोल साधू शकतं, आणि ज्याने गहाण सोडवलं त्याचं पारडं जड असतं. पण खात्री कुणी देऊ नये. "लड़ेंगे तो सालों लगेंगे, आंटीजी।"

"और ये जो कहते हैं, किराया दो रहने का?"

"अपने ही घर में रहने का किराया नहीं लगता, जब तक आपने दूसरों को बाहर न निकाला हो। भाइयों के लिए दरवाज़ा बंद किया कभी?"

"दरवाजा बंद?" हेमलताबाई मराठीवर आल्या. "दर दिवाळीला गाद्या घालून ठेवायचो आम्ही! येत कोण होतं?"

मध्यस्थी केंद्राची खोली लहान होती. गोल टेबल, भिंतीवर घड्याळ, आणि मध्यस्थ म्हणून विजयालक्ष्मी नावाच्या ज्येष्ठ वकीलबाई. मूळच्या तमिळ, पण जन्म दिल्लीतला. त्यांनी सुरुवातीलाच हिंदीतून बजावलं की इथे बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून जात नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोला. चारही मालक गोल टेबलाभोवती बसले. देवयानी भावांच्या समोर, आणि हेमलताबाई कुणाच्याच बाजूला नाही, अशा मधल्या खुर्चीवर. ती खुर्ची त्यांनी स्वतः ओढून घेतली होती.

हिशेब मांडला गेला. हप्ते, टॅक्स, गच्ची, सांडपाण्याची लाइन, सगळं मिळून चोवीस लाख. प्रत्येकी सहा. त्यातले देवयानीचे सहा तिचे तिलाच लागू. भावांच्या वकिलाने ठरलेलं सगळं म्हटलं. माया. बिनभाड्याचं राहणं. मुदत. आणि शेवटी, "वरच्या मजल्याचं तीन लाखांचं भाडं वादीने घेतलं, त्याचा हिशेब कुठे आहे?"

विजयालक्ष्मींनी देवयानीकडे बघितलं. "भाड्याचा हिशेब तर द्यावा लागेल. भाडेकरूकडून आलेला पैसा चौघांचा असतो."

देवयानी म्हणाली, "भाडं आईकडे होतं. तिच्या खर्चाला. मी विचारलं नाही कधी."

हेमलताबाईंनी चिन्मयकडे पाहिलं. त्याला त्यांनी पुरता वेळ दिला. बोल, तू बोल, असं त्यांची नजर सांगत होती. तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला.

"किराया मैंने लिया," मग त्या हिंदीत म्हणाल्या. "हर महीने। और पूरा का पूरा इस छोटे को भेजा, बंगलौर। बैंक की पासबुक में है। इसका धंधा डूब रहा था। माँ हूँ, भेज दिया, और उसका मुझे कोई पछतावा नहीं। पर आज ये उसी पैसे का इल्ज़ाम बहन पर लगाए, ये मैं नहीं सुनूँगी."

चिन्मयचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण खरी गंमत अंशुमनची झाली. तो खुर्चीत ताठ बसला आणि वकिलाला ओलांडून थेट भावाला म्हणाला, "तीन लाख? तू घेतलेस? आणि मला म्हणालास भाडं ताईने दाबलं?"

"दादा, तेव्हा परिस्थिती…"

"त्यात माझे पंचाहत्तर हजार होते!"

"देखिए," हेमलताबाई विजयालक्ष्मींना म्हणाल्या. "इसको भी अपना चौथा हिस्सा याद आ गया।"

त्यानंतर भावांची फळी फुटली. वकील दोघांचा एकच होता, त्याने दोघांना बाहेर नेलं. बंद दारातून आवाज येत राहिले. आत देवयानी आईला हळूच म्हणाली, "मला सांगायचं होतंस." हेमलताबाई म्हणाल्या, "आणि तू मला नोटिशीचं सांगायचं होतंस. फिटंफाट." देवयानीने बाटलीतलं पाणी आईच्या ग्लासात ओतलं.

अर्ध्या तासाने तडजोडीची भाषा सुरू झाली. दोन्ही भावांनी शेवटच्या तीन वर्षांचा आपापला वाटा पुरता मान्य केला, त्याआधीचा निम्मा. अंशुमन वर्षाच्या आत भरेल. चिन्मयकडे रोख नाही, तर त्याच्या हिश्श्यावर तेवढा बोजा राहील, आणि घर कधी विकलं तर ते पैसे आधी देवयानीला मिळतील. भाड्यातले अंशुमनचे आणि देवयानीचे पंचाहत्तर-पंचाहत्तर हजारही चिन्मयच्याच नावावर. हेमलताबाई हयात असेपर्यंत घर विकायला कुणी भाग पाडणार नाही.

"आईंचा विषय वादीने सोडून दिलाय," विजयालक्ष्मी मसुदा लिहिता लिहिता म्हणाल्या. "प्रतिवादी एककडून काही मागणं नाही."

"नहीं," हेमलताबाई म्हणाल्या.

विजयालक्ष्मींनी मसुद्यावरून मान वर केली.

"मेरा भी लिखिए। छह लाख। पूरे। आधे-वाधे नहीं."

"आई!" देवयानी कळवळली. "अगं मी सोडलेत. तुझ्याकडून मी पैसे घेऊ?"

"का नाही घेणार? दादाकडून घेतेस ना?"

"तो दादा आहे. तू आई आहेस."

"इथे मी प्रतिवादी क्रमांक एक आहे," हेमलताबाई म्हणाल्या, आणि आता त्या मराठीतच बोलत होत्या, विजयालक्ष्मींना कळो न कळो. "ऐक. तुझ्या डोक्यावर छप्पर होतं तसं माझ्याही होतं. गच्ची गळायची ती माझ्याच पलंगावर. तू मला माफ केलंस की मी परत तुमच्या घरात राहणारी म्हातारी. ती मी फार वर्षं होते, आता नाही व्हायचं. मालकीण आहे तर टॅक्सही माझा, हप्ताही माझा. तीन वर्षांपेक्षा जुनं झालं म्हणून माझ्यासाठी ते मेलं नाही. पेन्शन येते मला. महिन्याला दहा हजार देईन. साठ महिने."

सलोनी मॅडमना मराठी अर्धंमुर्धंच कळलं, पण दहा हजार आणि साठ कळलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आंटीजी, आप चौहत्तर की हैं।"

"तो उन्यासी तक जीना पड़ेगा। जी लूँगी."

देवयानी आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली की घेणारच नाही, खात्यात आले तर परत पाठवीन. हेमलताबाईंनी विजयालक्ष्मींना शांतपणे विचारलं की कोर्टाच्या हुकुमात लिहिलेलं असताना घेणाऱ्याने घेतलंच नाही तर काय करायचं. विजयालक्ष्मींना हसू आवरेना. "फिर आप कोर्ट में जमा करा सकती हैं।" "ऐकलंस?" हेमलताबाई लेकीला म्हणाल्या. "कोर्टात भरीन. मग रजा काढून जा सेक्टर बाराच्या कोर्टात काढायला."

मसुद्यात तेही गेलं. चौघांनी सह्या केल्या. विजयालक्ष्मींनी खूण केली तिथे हेमलताबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न गाळता. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी तडजोड वाचून त्याप्रमाणे हुकूम दिला.

बाहेर पार्किंगमध्ये अंशुमन आईच्या पाया पडायला वाकला. रागात होता, पण संस्कार सुटत नव्हते. "गावात कळलं तर काय म्हणतील, शिराळकरांनी आईला कोर्टात उभं केलं," तो म्हणाला.

"तुम्ही कुठे उभं केलंत?" हेमलताबाई म्हणाल्या. "मी खुर्ची ओढून बसले होते."

चिन्मय लांबच उभा होता. त्या स्वतः त्याच्याकडे गेल्या, त्याच्या गालावरून हात फिरवला. "रडत फोन केलास तर अजूनही पाठवीन," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हिश्श्यातले. ताईच्या नाही." त्याने मान खाली घातली. त्याला लागलं, आणि ते लागावं अशीच त्यांची इच्छा होती.

बिल्डरचा माणूस पुन्हा एकदा बेल वाजवून गेला. हेमलताबाईंनी त्याला व्हरांड्यातच उभं ठेवून सांगितलं की चार मालकांपैकी एक तयार नाही, आणि ती एक मीच. चहा काही टाकला नाही.

मग जुलैत त्या एकट्या रिक्षा करून नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या कचेरीत गेल्या. टॅक्सच्या नोंदीत घर अजून विठ्ठलरावांच्याच नावावर होतं. कोर्टाच्या हुकुमाची प्रत, मृत्यूचा दाखला, आधार कार्डं, सगळं बरोबर. खिडकीवरच्या बाबूने कागद चाळले. "माताजी, बेटों को ले आतीं। इतनी भाग-दौड़ इस उमर में?"

"बेटे हिस्सेदार हैं, मालिक मैं भी हूँ," त्या म्हणाल्या. "चार नाम चढ़ाओ. मेरा सबसे ऊपर. स्पेलिंग देख लेना, एच, ई, एम."

बाबूने तीन हेलपाटे घालायला लावले. तिसऱ्या वेळी त्या पाण्याची बाटली आणि पुरी-भाजीचा डबा घेऊनच गेल्या आणि त्याच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून जेवल्या. दुपारी चारला नावं चढली.

बाहेर येऊन त्यांनी अंशुमनला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला.

"यंदाच्या टॅक्सचा आकडा ग्रुपवर टाकलाय," हेमलताबाई म्हणाल्या. "चौथा भाग काढून. महिनाअखेरीच्या आत भरलं तर सूट आहे, म्हणून सांगते. माझा मी आत्ताच भरला."

"देवयानीने सांगितलं का तुला फोन करायला?"

"तिला ठाऊकसुद्धा नाही. ती ऑफिसात आहे." एक रिक्षा थांबली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने रिक्षावाल्याला थांबायची खूण केली. "अंशुमन, नंतर बघू म्हणू नकोस हं. आज भर."

फोन ठेवून त्या रिक्षात चढल्या. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, आणि त्यांनी सेक्टर आणि घरनंबर सांगितला, पुढे म्हणाल्या, "मेरा घर है, कोने वाला। आराम से चलो."